मोल काढून झाला, मग आणखी सहा महिने कशासाठी थांबायचं?

*डॉक्टर मॅडम, माझं वय २७, लग्नाला तीन वर्षं झाली. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला तू म्हणा. ५ ऑगस्टला माझी पिशवी साफ केली. अकरावा आठवडा होता, सोनोग्राफीत मोल निघाला. तपासणीच्या रिपोर्टवर 'कम्प्लीट मोल' लिहिलंय. बीटा एचसीजी आधी १,८६,००० होतं. मग दर मंगळवारी ९,४००, १,८५०, ६१०, २४०, ११८, ६१. सातव्या आठवड्यात मी माहेरी सांगलीकडे होते, तिथल्या लॅबमध्ये केलं तर ५८ आलं. डॉक्टर म्हणतात आकडा नॉर्मल झाल्यावर सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, गोळ्या घ्या. सासूबाई म्हणतात, क्युरेटिंगनंतर लगेच राहतं, ही संधी घालवू नका, गोळ्यांनी पिशवी खराब होते. मी गोळ्या सुरू केल्या नाहीत. पाळी अजून आली नाही म्हणून आम्ही निरोधही प्रत्येक वेळी वापरलेला नाही. माझी पिशवी एवढी कमजोर झाली आहे का? आणि दर आठवड्याला रक्त काढून काय मिळतं?*

*– एक वाचक, चिंचवड*

तुझी पिशवी कमजोर झालेली नाही. सहा महिन्यांचं थांबणं पिशवीला विश्रांती देण्यासाठी असतं असा समज घराघरांत आहे, आणि काही वेळा आम्ही डॉक्टरही घाईत तसंच सांगून मोकळे होतो. खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुझ्या शेवटच्या आकड्यात, त्या ५८ मध्येच आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नेहमीच्या गरोदरपणात बीजातून दोन गोष्टी तयार होतात: बाळ आणि वार. बीटा एचसीजी हे संप्रेरक वारेच्या पेशी तयार करतात. कम्प्लीट मोलमध्ये बाळ तयारच होत नाही, सगळी वाढ वारेसारख्या पेशींची होते, आणि ती बेबंद होते. आपल्याकडे जुन्या डॉक्टरांनी याला द्राक्षगर्भ म्हटलं ते नुसतं ऐकून नाही. सक्शनच्या बाटलीत जे येतं ते मी कितीतरी वेळा उजेडाला धरून पाहिलंय. पाण्यानं भरलेले पारदर्शक फुगे असतात, काही भिजलेल्या साबुदाण्याएवढे, काही खरोखर द्राक्षाएवढे, आणि ते एकमेकांना बारीक देठांनी जोडलेले असतात, घडासारखे. या पेशी एवढ्या असतात म्हणूनच तुझा आकडा लाखांत गेला होता.

५ ऑगस्टला तो घड काढला. पण पिशवीचं अस्तर आणि स्नायू यांत शिरलेल्या मूठभर पेशी कुठलाही सर्जन डोळ्यांनी बघून काढू शकत नाही. बहुतेक जणींमध्ये त्या आपोआप मरून जातात. कम्प्लीट मोल झालेल्या शंभर जणींपैकी साधारण १५ ते २० जणींमध्ये मात्र त्या मरत नाहीत, पुन्हा वाढू लागतात, पिशवीच्या भिंतीत घुसतात, आणि दुर्लक्ष झालं तर रक्तातून फुप्फुसांपर्यंत जातात. हा आजार वेळेवर सापडला तर औषधानं जवळजवळ प्रत्येक बाई बरी होते, आणि पिशवीही शाबूत राहते. प्रश्न फक्त वेळेवर सापडण्याचा आहे. सुरुवातीला तो सोनोग्राफीत दिसत नाही, दुखत नाही, बऱ्याचदा रक्तही जात नाही. त्याची एकच खूण असते: त्या पेशी कितीही थोड्या असल्या तरी एचसीजी तयार करत राहतात. रक्तातला तो आकडा म्हणजे आपला एकमेव साक्षीदार आहे. दर आठवड्याला रक्त काढून आपण त्याचीच जबानी घेतो.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगते, कारण तुझ्याकडे ते तारीखवार लिहिलेले आहेत आणि ही वही तू फार चांगली ठेवली आहेस. लोक दोन आकड्यांमधला फरक बघतात. पहिल्या आठवड्यात पावणेदोन लाखांहून जास्त कमी झाले, सहाव्यात फक्त ५७ कमी झाले, म्हणजे उतरण थांबली की काय, असं वाटून घाबरतात. फरक बघायचा नाही, पट बघायचा. ९,४०० वरून १,८५०, म्हणजे पाचवा हिस्सा उरला. तिथून ६१०, तिसरा हिस्सा. मग २४०. मग ११८ आणि ६१, म्हणजे दर आठवड्याला निम्मं. ही उतरण अगदी छान आहे. शेवटी शेवटी वेग थोडा मंदावतो, तेही नेहमीचं. ६१ पर्यंतची तुझी वही माझ्यासमोर कोणी ठेवली असती तर मी निर्धास्त झाले असते.

मग येतो ५८. चालत आलेल्या गतीनं सातव्या आठवड्यात ३२ च्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. ५८ आलं. याची तीन कारणं असू शकतात, आणि तुझ्या पत्रात तिन्हींना जागा आहे.

पहिलं कारण सर्वात साधं: लॅब बदलली. एचसीजी हा एकच रेणू नाही, त्याचे तुकडे आणि थोडी वेगळी रूपंही रक्तात फिरत असतात, आणि मोलनंतर ती जास्त असतात. एका कंपनीचं यंत्र ती सगळी मोजतं, दुसऱ्या कंपनीचं काही सोडून देतं. त्यामुळे एकाच सकाळी एकाच हातातून काढलेलं रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर आकडे वेगळे येऊ शकतात आणि दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असू शकतात. म्हणून मोलच्या पेशंटला मी पहिल्याच दिवशी सांगते, एकच लॅब आणि शक्यतो आठवड्याचा एकच दिवस. माहेरी जायचं असेल तर एखादी तपासणी दोन दिवस मागेपुढे करून घे, पण ती चिंचवडच्या लॅबमध्येच कर.

दुसरं कारण, उतरण खरोखरच थांबली. पण एका आठवड्याच्या अडखळण्याला आम्ही 'आकडा अडला' म्हणत नाही. त्यासाठी ठरलेला नियम आहे आणि तो जगभर पाळला जातो: तीन आठवड्यांच्या काळात घेतलेले चार आकडे, म्हणजे पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशीचे, दहा टक्क्यांच्या आतबाहेर एकाच जागी घुटमळले तर तो अडला. म्हणजे ५८, ६०, ५७, ५९ असं काही. आणि दोन आठवड्यांत ओळीनं तीन आकडे दहा टक्क्यांहून जास्त चढत गेले, उदाहरणार्थ ५८, ६६, ७५, तर तो चढतोय. या दोन्हींपैकी काही झालं तर पुढच्या तपासण्या आणि उपचार सुरू होतात. तुझ्याकडे आज एकच अडखळलेला आकडा आहे, तोही दुसऱ्या लॅबचा. त्यावरून कोणी निदान करू शकत नाही, करूही नये. पण म्हणूनच पुढचे दोन-तीन मंगळवार चुकवायचे नाहीत. मधला एक जरी गाळलास तरी ओळ तुटते आणि निर्णय लांबतो.

तिसरं कारण ऐकायला तुला जड जाईल. तुला नव्यानं दिवस राहिलेले असू शकतात.

पाळी आली नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं तुम्ही दोघांनी धरलंत, आणि इथे बहुतेक जोडपी चुकतात. पाळी ही बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे क्युरेटिंगनंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधी सुटतं, कोणतीही सूचना न देता. एचसीजी उतरत आलं की बीजकोश जागा होतो. तुझं पाचव्या आठवड्यात ११८ होतं. तेव्हा बीज सुटलं असेल तर सातव्या आठवड्यात नव्या गर्भाचं एचसीजी रक्तात येऊ लागण्याची वेळ बरोबर जुळते. आता बेरीज कर. जुन्या मोलचे उतरत आलेले ३२, त्यात कोवळ्या गर्भाचे २६. झाले ५८.

असंच झालंय असं मी म्हणत नाही. मला स्वतःला लॅबच्या फरकाची शक्यता जास्त वाटते. पण रिपोर्टवर नुसता ५८ छापलेला असतो. त्यातले किती जुन्या पेशींचे, किती नव्या गर्भाचे, हे वेगळं करून सांगणारं यंत्र नाही. दोघांचं संप्रेरक तेच, कारण दोन्ही वारेच्याच पेशी. तू पत्रात विचारलंस की दिवस का राहू द्यायचे नाहीत. यासाठी. नवा गर्भ आणि परतलेला आजार रक्तात एकाच आवाजात बोलतात. तो गर्भ राहू दिला नाही, तर चढलेल्या आकड्याला एकच अर्थ उरतो आणि आपण त्याच आठवड्यात हालचाल करू शकतो.

तुला वाटेल, सोनोग्राफी करून बघावं की. पण गर्भाची थैली सोनोग्राफीत दिसायला एचसीजी साधारण दीड-दोन हजारांपर्यंत पोचावं लागतं. ५८ ला पिशवी रिकामीच दिसणार. निरोगी गर्भात सुरुवातीला आकडा दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतो, त्यावरून अंदाज येतो, पण परतलेला आजारही कधी कधी झपाट्यानं चढतो. खात्री व्हायला दोन-तीन आठवडे जातातच, आणि ते आठवडे घरातल्या कोणालाच झोपू देत नाहीत.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगते. शिक्षिका होती, तुझ्यासारखाच कम्प्लीट मोल. दहाव्या आठवड्यात तिचा आकडा ३ झाला. पुढचे दोन महिने नॉर्मल आले. मग घरात नणंदेचं लग्न निघालं, गोळ्यांचं पाकीट संपलं ते पुन्हा आणलं नाही, आणि तपासणीही दोनदा राहिली. पुढच्या वेळी आली तेव्हा रिपोर्टवर ४० होते. ती आणि तिचा नवरा दोघं माझ्यासमोर बसले होते आणि तिनं तो कागद चार घड्या करून मुठीत धरला होता, उघडून दाखवेना. पाच दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, २१०. दुपटीचा वेग गर्भाचा वाटत होता, पण मी तसं छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. छातीचा एक्स-रे आता काढायचा की थांबायचं, हा प्रश्न होता. अडीच आठवड्यांनी पिशवीत थैली दिसली आणि त्यानंतरच्या आठवड्यात हृदयाचे ठोके. मुलगी झाली, आता शाळेत जाते. तरी त्या नऊ महिन्यांत तिचा एचसीजीचा पहारा पूर्ण बंद होता, कारण गरोदरपणात आकडा हजारांत, लाखात असणारच. त्यामागे जुन्या पेशी जाग्या झाल्या असत्या तर मला समजलं नसतं. आम्ही दोघींनी ते महिने नशिबावर काढले, आणि ते मी पुन्हा कोणाबरोबर काढू इच्छित नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही तुला माहीत हवी. तुला खरोखर दिवस राहिले असतील तर घाबरून गर्भ काढायला धावू नकोस. पहारा पूर्ण व्हायच्या आत राहिलेली बहुतेक गरोदरपणं सुरळीत पार पडतात. आपण आकडे आणि सोनोग्राफी यांवर नजर ठेवून पुढे जाऊ. ही चूक झाली म्हणून स्वतःला दोष देण्याचंही कारण नाही. फक्त डॉक्टरांपासून लपवू नकोस, निरोध प्रत्येक वेळी वापरला नाही हे त्यांना स्पष्ट सांग. कित्येक जणी हे सांगायला लाजतात, आणि मग डॉक्टर तोच ५८ आजाराच्या दिशेनं वाचू लागतात.

आता पुढचं कॅलेंडर. समजा पुढचा आकडा चिंचवडच्या लॅबमध्ये ३० आला आणि दर आठवड्याला निम्मा होत गेला: ३०, १५, ८, ४. बहुतेक लॅबमध्ये ५ च्या खाली नॉर्मल धरतात. म्हणजे २१ ऑक्टोबरच्या सुमारास तू नॉर्मलला पोचशील. कम्प्लीट मोलमध्ये आठ-दहा आठवडे लागणं नेहमीचं आहे, अकरावा आठवडा काही उशीर नाही. तिथून पुढे आणखी दोन आठवडे नॉर्मल येतं का ते बघतात, आणि मग महिन्यातून एकदा, सहा महिने. म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास तू मोकळी.

कोणी तुला तीन महिने सांगेल, कोणी सहा, आणि तुझा गोंधळ होईल. दोघंही चुकत नाहीत. पूर्वी सरसकट वर्षभर, काही ठिकाणी दोन वर्षंही थांबवायचे. मग हजारो बायकांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की कम्प्लीट मोलनंतर एकदा आकडा नॉर्मल झाला की आजार उलटण्याची शक्यता चारशेंत सुमारे एक एवढीच उरते, आणि पार्शल मोलमध्ये, म्हणजे जिथे बाळाचाही काही अंश तयार होतो तिथे, त्याहून कितीतरी कमी. म्हणून मुदत आखडत आली. अमेरिकेतल्या काही मोठ्या केंद्रांत कम्प्लीट मोलला नॉर्मलनंतर तीन महिने बघतात. इंग्लंडमध्ये आकडा ५६ दिवसांच्या आत नॉर्मल झाला तर क्युरेटिंगच्या तारखेपासून सहा महिने मोजतात, आणि ५६ दिवस उलटले तर नॉर्मल झालेल्या तारखेपासून सहा महिने. यामागचं तर्कशास्त्र मला पटतं: ज्यांचा आकडा उशिरा उतरतो त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. तुझे ५६ दिवस ३० सप्टेंबरला भरतात आणि तोवर तू ५ च्या खाली जाण्याची शक्यता कमी आहे. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेले नॉर्मलनंतरचे सहा महिने तुझ्या बाबतीत योग्यच आहेत. मीही तेच सांगितलं असतं.

घरी लघवीची पट्टी आणून बघू का, असं पुढे तुझ्या मनात येईल, कारण ती स्वस्त पडते आणि सुई टोचत नाही. ती या कामाची नाही. ती साधारण २५ च्या वर गेल्याशिवाय रेघ दाखवत नाही. पाचावरून अकरा, अकरावरून वीस असा आकडा चढत असेल तर पट्टी तीनही वेळा 'नाही' म्हणेल, आणि आपल्याला नेमकी तीच चढण पकडायची असते.

गोळ्यांबद्दल सासूबाईंची भीती एकदम निराधार नाही, तिला इतिहास आहे. पूर्वीच्या गोळ्यांत संप्रेरकांचं प्रमाण खूप जास्त असायचं आणि त्या काळी काही डॉक्टरांनाही शंका होती की मोलनंतर गोळ्या घेतल्या तर आकडा उतरायला वेळ लागतो. आजच्या कमी प्रमाणाच्या गोळ्यांत तसं दिसलेलं नाही. आता मोल काढल्यावर लगेच गोळ्या सुरू करायला हरकत नाही असंच मानलं जातं. सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन याच प्रकारची. त्यांनी पिशवी खराब होत नाही, आणि थांबवल्या की बीज पुन्हा सुटू लागतं, साधारणतः महिन्या-दोन महिन्यांत. या गोळ्यांचा आणखी एक फायदा असा की पाळी वेळेवर येते. मग मध्येच रक्त गेलं तर ते वेगळं उठून दिसतं.

पण गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. तुला रक्तदाब असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन अर्धशिशी होत असेल, पायात किंवा कुठे रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांग. तेव्हा निरोध हा मार्ग आहे, मात्र तो प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून. एखाद्या वेळी फाटला किंवा राहून गेला तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मोलनंतरही घेता येते. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन मी तुझ्या परिस्थितीत निवडणार नाही. धोकादायक आहे म्हणून नव्हे. त्यानं अवेळी रक्त जातं आणि आपण पुन्हा गोंधळतो, शिवाय ते थांबवल्यावर दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात, आणि तुला तर पहारा संपताच बाळ हवंय. तांबी आत्ता बसवायची नाही. आकडा नॉर्मल व्हायच्या आत पिशवीची भिंत काही ठिकाणी मऊ, रक्ताळलेली असू शकते, तांबी बसवताना तिला इजा होण्याची आणि रक्तस्राव वाढण्याची भीती असते. 'सुरक्षित दिवस' मोजण्याच्या भानगडीत तर पडूच नकोस, पाळीच अजून मार्गी लागलेली नाही तर दिवस कुठून मोजणार?

तुझ्या बाबतीत क्रम असा असू दे: मंगळवारचा आकडा येईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध. आकडा पुन्हा निम्म्यावर आला की गर्भाची शंका मिटायला लागते, मग डॉक्टरांना विचारून त्याच आठवड्यात गोळ्या सुरू कर. आकडा चढला तर गोळ्यांचा विचार थांबव आणि त्याच दिवशी त्यांना फोन कर.

सासूबाईंना पुढचा मजकूर वाचून दाखवलास तरी चालेल. मावशी, तुमचं एक म्हणणं अगदी खरं आहे: क्युरेटिंगनंतर लवकर दिवस राहतात. म्हणून तर गोळ्या लागतात. मोल का झाला, याचं उत्तर कोणाच्या खाण्यापिण्यात, पपईत, प्रवासात किंवा उपासतापासात नाही. कम्प्लीट मोलमध्ये बीजातला आईकडून येणारा वारसा काही कारणानं गळून पडलेला असतो, आणि बहुतेक वेळा एकच शुक्राणू स्वतःची नक्कल करून ती जागा भरतो. हा बीज आणि शुक्राणू यांच्या पहिल्या भेटीतला अपघात आहे, त्यात सुनेची चूक नाही आणि मुलाचीही नाही. पुढच्या वेळी पुन्हा मोल होण्याची शक्यता शंभरात एक. राहिलेल्या ९९ वेळा तो होत नाही. सून २७ वर्षांची आहे, अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबल्यानं तिचं वय निघून जात नाही. पण आजार उलटला आणि वेळेत कळला नाही तर मग औषधांचे फेरे आणि वर्षभराचं थांबणं येतं.

ते वर्षभराचं थांबणं कोणाला लागतं तेही सांगते, म्हणजे तुझ्या मनात भलती चित्रं येणार नाहीत. माझ्याकडच्या एका बाईचे आकडे ३४० वर येऊन अडले: ३४०, ३५२, ३३१, ३४५. चार मंगळवार, नियमात बसणारे. तिनं एकही तपासणी चुकवली नव्हती आणि गोळ्याही नियमित घेत होती, त्यामुळे गर्भाची शंका घ्यायचं कारणच नव्हतं. त्याच आठवड्यात छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी झाली, आजार पिशवीपुरताच होता, आणि मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, एक दिवसाआड, मधल्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं फोलिनिक अ‍ॅसिड. आठ दिवसांचा एक फेरा, मग मध्ये विश्रांती. ती घरून येऊन-जाऊन घेत होती, केस गेले नाहीत, तोंड मात्र काही दिवस आलं होतं. आकडा नॉर्मल झाल्यावर आणखी काही फेरे घेऊन उपचार थांबवले. तिला पुढे वर्षभर दिवस राहू दिले नाहीत, कारण औषधाचा परिणाम बीजांवरून जायला आणि आजार परत येतो का हे बघायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर तिला मुलगा झाला. तिचा आजार ३४० ला पकडला गेला, ३४ हजारांना नाही, याचं श्रेय तिच्या वहीला आणि गोळ्यांच्या पाकिटाला आहे.

अधल्यामधल्या दिवसांत काही झालं तर मंगळवारची वाट बघू नकोस. एका तासात पॅड भिजेल एवढं रक्त गेलं, खोकल्यातून रक्त पडलं, दम लागायला लागला, किंवा कधी नव्हतं असं डोकं सतत दुखू लागलं आणि नजर अंधुक झाली, तर सरळ दवाखाना गाठ आणि तिथे पहिल्या वाक्यातच सांग, 'मला ऑगस्टमध्ये मोल झाला होता.' तातडीच्या विभागात बसलेल्या तरुण डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो खोकल्याचं औषध देऊन पाठवेल.

तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर क्युरेटिंगनंतर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर बघून ठेव. आणि पहारा संपून पुढे दिवस राहिले की सहाव्या ते आठव्या आठवड्यात एक सोनोग्राफी करून घे, बाळंतपणाच्या वेळी मोल झाल्याचं सांगून ठेव, वार तपासायला पाठवायची का ते तिथले डॉक्टर ठरवतील, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एक बीटा एचसीजी कर.

आत्ता एवढंच: मंगळवारी सकाळी चिंचवडच्याच लॅबमध्ये जा, चिठ्ठीवर 'मोलनंतरची तपासणी' असं लिहून घे म्हणजे ते नेहमीचंच यंत्र वापरतील, सांगलीचा रिपोर्ट वहीत वेगळ्या शाईनं नोंदव, आणि आकडा आला की मला कळव.